थर्मिस्टर सरळ रेषेत आणताना

थर्मिस्टर 25 अंशांना 10 किलोओहमचा, बी 3950. वाढत्या तापमानाबरोबर रोध कमी होणारा, एनटीसी. पाणी 20 ते 60 अंशांपर्यंत तापवायचं, ब्रिजचं आउटपुट मल्टिमीटरवर वाचायचं आणि पाऱ्याच्या थर्मामीटरशी ताडून बघायचं, एवढंच प्रॅक्टिकल. थर्मिस्टर 10 चा, म्हणून मालिकेतला रेझिस्टरही मी 10 चाच लावला. ब्रिजला 1 व्होल्ट दिला (5 दिले की थर्मिस्टर स्वतःच्या करंटनेच तापतो) आणि 20 अंशांना पॉट फिरवून आउटपुट शून्य केलं.

40 अंशांना 210 मिलिव्होल्ट आले, 60 ला 357. पहिल्या वीस अंशांत 210 आणि पुढच्या वीसात फक्त 147! दोन टोकं जोडून सरळ रेषा मारली, तर मधल्या 40 अंशांचे साडेत्रेचाळीस दिसत होते.

मॅडम ग्राफ बघून म्हणाल्या, "25 अंशांचा रोध कशाला धरलास? तुझ्या पट्ट्याचा मध्य कुठे आहे?" मध्य 40 अंशांवर, तिथे रोध 5.3 किलोओहम. मग सूत्र वापरलं:

```
R = Rm (B − 2T) / (B + 2T)
```

यात `Rm` म्हणजे मध्यावरचा रोध, `B` तोच 3950 आणि `T` मध्याचं तापमान केल्विनमध्ये, म्हणजे 313. उत्तर आलं 3.85; डब्यात होता 3.9 किलोओहम, तोच लावला. आता 40 ला 187 आणि 60 ला 373. दर अंशाला साधारण 9.3 मिलिव्होल्ट.

तरी 50 अंशांना गणित जुळेना. पाणी तापताना थर्मिस्टर 51.2 म्हणायचा, निवताना 49.6. आधी मी सोल्डरिंगवर संशय घेतला आणि अर्धा तास त्यात घालवला. वायरिंगचा दोष असता तर चूक चढताना-उतरताना एकाच बाजूला राहिली असती. इथे ती बाजू बदलत होती. म्हणजे मागे पडत होता तो पाऱ्याचा जाडजूड बल्ब. चिमुकला थर्मिस्टर पाण्याबरोबर लगेच चालतो.

मग दोन्ही दोऱ्याने एकत्र बांधले, थर्मिस्टर बल्बच्या अगदी शेजारी. बीकर हॉटप्लेटवरून उतरवून जुन्या टॉवेलात गुंडाळला, ढवळत राहिलो आणि पारा थबकल्यावरच आकडे घेतले. 50 ला 50.4 आले, 30 ला 29.6. हा उरलेला फरक मात्र खरा आहे: एका रेझिस्टरने वक्र पूर्ण सरळ होत नाही, मध्याच्या दोन्ही बाजूंना हलकासा एस उरतोच. जर्नलमध्ये तो तसाच काढला.

जाता जाता हौसेने तो बर्फाच्या पाण्यात बुडवला. पारा शून्यावर, आणि माझा ब्रिज जवळजवळ 6 अंश दाखवत होता.