स्कोअर भारी, मग फ्रेम अडतात कुठं?

"दादा, टाइम स्पायमध्ये स्कोअर एवढा भारी आलाय, मग त्याच पीसीवर काउंटर-स्ट्राइक खेळताना एफपीएस का मिळत नाहीत?"

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पीसी जोडून देणाऱ्या माणसाला हे ऐकावंच लागतं. विचारणाऱ्याला वाटतं, कार्ड खराब निघालं. बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं.

टाइम स्पाय ही पीसीची ताकद मोजणाऱ्या थ्रीडीमार्क या सॉफ्टवेअरमधली 2016 सालची चाचणी. तुमचा मॉनिटर कसाही असो, ती चित्र आतल्या आत 2560 × 1440 वर काढते. दृश्यं ठरलेली, कॅमेरा ठरलेल्या वाटेनं फिरणार, आणि सगळा भार मुद्दाम ग्राफिक्स कार्डवर. सीपीयूची परीक्षा वेगळी होते, तीही सगळे कोअर एकदम कामाला लावून. मग दोन्ही गुण असे एकत्र होतात:

```
1 / (0.85/G + 0.15/C)
```

G म्हणजे ग्राफिक्सचे गुण, C म्हणजे सीपीयूचे. समजा G 12000 आणि C 8000 आहे, तर एकूण स्कोअर साधारण 11160 येतो. आता सीपीयूचे गुण घसरून 6000 वर आले, म्हणजे थेट पाव भाग गेला, तरी एकूण स्कोअर 10430 च्या आसपास राहतो. पडझड जेमतेम साडेसहा टक्के. स्क्रीनशॉट मित्रांना पाठवताना ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

गेममध्ये मात्र असली भागीदारी चालत नाही. प्रत्येक फ्रेमसाठी आधी सीपीयू हिशेब करतो: कोण कुठं आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचं. ती यादी मिळाली की कार्ड रंगवायला घेतं. दोघं एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेमवर काम करत असतात, म्हणून वेग ठरतो तो जो मागं पडतो त्याच्यावर. गुऱ्हाळात काहील कितीही मोठी ठेवा, घाणा जेवढा रस देईल तेवढाच गूळ निघणार. सीपीयूला फ्रेममागे 9 मिलिसेकंद लागत असतील आणि कार्डाला 6, तर सेकंदाला 111 फ्रेम मिळतील. दुप्पट वेगाचं कार्ड घालून 6 चे 3 केले तरी 111 च. ग्राफिक्स स्कोअर तेवढा आभाळाला भिडेल.

शिवाय सीपीयूच्या कामाचा मोठा हिस्सा बऱ्याच गेममध्ये एकाच मुख्य थ्रेडवर अडकलेला असतो. त्यामुळं बारा-सोळा कोअरच्या जोरावर मिळवलेले C चे गुणसुद्धा फसवतात. टास्क मॅनेजरही यात भर घालतो. बारा थ्रेडच्या सीपीयूवर एक थ्रेड पूर्ण घामाघूम झाला तरी एकूण वापरात त्याचा वाटा साधारण 8 टक्केच. मग पोरं म्हणतात, "सीपीयू तर निवांत बसलाय की!"

शाहूपुरीतल्या एका पोराचा पीसी असाच आला होता. स्कोअर त्या कार्डाला शोभेल असाच, पण 1080p वर काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये धूर आणि गर्दी झाली की चित्र अडकायचं. मी रिझोल्यूशन 1280 × 720 केलं. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, पण एफपीएस जिथल्या तिथं. अडचण कार्डात असती तर ते लगेच उसळले असते. कार्डावर नजर ठेवणाऱ्या आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा वापर साठ टक्क्यांच्या आगेमागे होता, म्हणजे कार्ड वाट बघत बसलं होतं.

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर `Slots used: 1 of 4`. 16 जीबीची एकच पट्टी. डीडीआर4-3200 ची एक पट्टी सेकंदाला 25.6 जीबी डेटा देऊ शकते, दोन चॅनलमध्ये दोन पट्ट्या 51.2. चाचणीच्या ग्राफिक्स भागात कार्ड मुख्यतः स्वतःच्या मेमरीवर जगतं, म्हणून तिथं ही उणीव फारशी दिसत नाही. गेममध्ये सीपीयूला मात्र आपल्या हिशेबाचा डेटा या रॅममधून ओढावा लागतो. तशीच दुसरी पट्टी घेतली, सीपीयूपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दोन्ही बसवल्या, बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं. (ते बंद असलं की 3200 ची पट्टी 2133 किंवा 2666 वर रांगत राहते, आणि लोक वर्षानुवर्षं तसंच वापरतात.) सरासरी वाढलीच, पण त्याला जास्त जाणवलं ते धुरात शिरताना चित्र न अडकणं. ग्राफिक्स स्कोअर जवळपास होता तिथंच.

टाइम स्पाय मीही चालवतो. नव्या कार्डाला त्याच मॉडेलच्या नेहमीच्या आकड्याइतके गुण मिळतात का, सहा महिन्यांनी धूळ साचून ते घसरलेत का, हे त्यातून छान कळतं. 1440p किंवा 4K वर सगळे तपशील वर ठेवून जड गेम खेळणाऱ्याला ग्राफिक्स स्कोअर बऱ्यापैकी अंदाजही देतो, कारण तिथं मागं पडणारं कार्डच असतं, कार्डाची मेमरी पुरली म्हणजे झालं. पण 1080p वर शूटर खेळण्यासाठी पीसी घेणार असाल, तर तोच गेम, तेच रिझोल्यूशन आणि तोच सीपीयू असलेली मोजणी शोधा, आणि त्यात सरासरीच्या शेजारी 1% लोचा, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग सांगणारा आकडा दिलाय का ते बघा.