बाबा, मी असाच राहणार का?

अकरा वर्षांच्या लेकाने आज हे उगाच विचारल्यासारखं विचारलं. मित्र भराभर उंच झालेत, हा मात्र रांगेत अजून पहिलाच. ‘होशील रे’ म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण मुलांना ते लगेच कळतं.

कागद घेतला. माझी उंची 168 सेंटिमीटर, आईची 154. मुलगा असेल तर बेरजेत 13 मिळवायचे आणि निम्मे करायचे. आले 167.5.

"म्हणजे तुझ्याएवढाच?"

"साधारण. आठेक सेंटिमीटर इकडे-तिकडे. अंदाज आहे हा."

चेहरा पडला. साहेबांना सहा फूट हवे होते!

मग सांगितलं, लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो, हाड तिथे वाढतं. वयात येताना ही वाढ जोर धरते आणि शेवटी तो थर हाडातच मिसळतो. कुणाचं हे अकराव्या वर्षी सुरू होतं, कुणाचं तेराव्या. उशिरा सुरू होणाऱ्याला वाढायला जास्त वर्षं मिळतात.

"मग बघायचं काय?"

"वाढीचा वेग. गेल्या वाढदिवसाला तू 127 होतास, आता 132. वर्षाला पाच म्हणजे ठीक. चारच्या खाली गेलं तर डॉक्टरांकडे जाऊ. ते हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय बघतात."

"आणि लटकून उंची वाढते?"

"नाही. हात दुखतात."

तेवढ्यात आतून आवाज आला, "माझी उंची 155 आहे हं!"

पठ्ठ्याने लगेच गणित पुन्हा मांडलं. अर्धा सेंटिमीटर वाढला.