केसगळतीत मी उलट्या क्रमाने फिरले

ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला आणि नोव्हेंबरमध्ये मोरीची जाळी रोज केसांनी भरायला लागली. तापाचा आणि केसांचा संबंध असेल, हे डोक्यातच आलं नाही. गेले ती थेट नेहमीच्या पार्लरमध्ये.

तिथल्या ताईंनी हेअर स्पाचं नाव काढण्याआधी कंगव्यातला एक केस उजेडात धरला. टोकाला बारीक पांढरी गाठ होती. "हा मुळापासून आलाय. तुटलेल्या केसाला अशी गाठ नसते. माझ्याकडे तुटलेल्याचा इलाज आहे, ह्याचा नाही," म्हणाल्या. मागच्या बाजूला चाई नाही ना, तेही बघून घेतलं. हे सगळं फुकटात.

मी मात्र डॉक्टरकडे जायचं सोडून एका हेअर क्लिनिकमध्ये गेले. पाटीवर 'ट्रायकॉलॉजिस्ट', म्हणजे केस-टाळूचे तज्ज्ञ, असं होतं. बाईंनी कॅमेऱ्याने टाळू स्क्रीनवर दाखवली, शाम्पू आणि तेल कसं वापरायचं ते नीट समजावलं. पण ताप, पाळी, औषधं यांबद्दल एक प्रश्न नाही. शेवटी अठरा हजारांचं पॅकेज आणि बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या. त्या डॉक्टर नव्हत्या, हे मला नंतर कळलं. त्वचारोगतज्ज्ञही ट्रायकॉलॉजिस्ट म्हणवून घेतात आणि नुसता कोर्स केलेलेही, म्हणून पाटीवर एमबीबीएसपुढे त्वचारोगातली एमडी किंवा डीडीव्हीएलसारखी पदवी आहे का ते बघावं. व्यक्ती डॉक्टरच नसेल तर ती टाळूची निगा सांगू शकते, पण आजाराचं निदान आणि औषधाची चिठ्ठी हे तिचं काम नाही.

पॅकेज घेतलं नाही. गोळ्या घेतल्या.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तीन-चार महिन्यांत मोठा ताप?" मग पन्नासेक केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली, दोन-तीन ठिकाणी. प्रत्येक वेळी सात-आठ हातात. (या तपासणीला आदल्या दिवशी केस धुऊन जाऊ नये, सुटणारे आधीच निघून जातात.) मोठ्या तापात बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे सहसा सहा महिन्यांत गळती थांबते. भांग रुंदावत असता, टाळूला खपल्या किंवा दुखणं असतं, तर गोष्ट वेगळी होती.

फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, पण आधी बायोटिन बंद. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. चार दिवस थांबून रक्त दिलं. थायरॉइड ठीक, फेरिटिन मात्र कमी, ११. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. टाळूला लावायचं औषध दिलंच नाही, याचं मला तेव्हा जरा वाईटच वाटलं होतं.

मार्चमध्ये केस कापायला गेले तेव्हा ताईंनी कपाळावरचे आखूड उभे केस दाखवले. "हे नवे आहेत, जेल लावून चापू नका," म्हणाल्या, आणि खालची विरळ टोकं चार बोटं उडवून टाकली.