घडीत गेलेला आकडा

मुंबईत आरोग्यविम्याचे दावे तपासणाऱ्या एका कचेरीत अकरा वर्षे काढून मी कुडाळ तालुक्यातल्या माझ्या गावी परतलो, आणि आता नामंजूर झालेल्या दाव्यांची अपिले लिहून देतो. जे कारण पत्रात छापले आहे त्याचेच उत्तर द्यायचे, न छापलेल्या कारणाला हात लावायचा नाही, हा या कामातला पहिला नियम होय. मागच्या ऑगस्टमध्ये तो मी स्वतःच मोडला होता, आणि केवळ रुग्णाच्या मुलाने दुसरा फोटो पाठवला म्हणून निभावले.

शेजारच्या वाडीतल्या काकी जुलैत भातलावणीच्या ऐन धांदलीत तापाने पडल्या. तरवा काढताना पायाला जखम झाली होती. ९ ते १४ जुलै २०२५ या काळात त्या एका खाजगी रुग्णालयात होत्या आणि बिल ६४,३०० रुपये झाले. पॉलिसी जून २०२२ पासूनची, खंड न पडता नूतनीकरण केलेली. दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले, तेव्हा मुलाने ते अंथरुणावर पसरून दोन फोटो काढून मला पाठवले. चार घड्या पडलेला कागद, वर ट्यूबलाइटचा उजेड. नेमक्या कारणाच्या ओळीवर घडी आली होती आणि कलमाचा क्रमांक Excl0 इथवरच दिसत होता. खालचा स्पष्टीकरणाचा परिच्छेद दोन फोटोंच्या मधल्या फटीत गेला होता.

दावा नाकारण्याच्या कारणांची ही सांकेतिक नावे सर्व कंपन्यांच्या पॉलिसींत सारखीच असतात. Excl01 म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वीचा आजार आणि Excl04 म्हणजे केवळ तपासण्यांसाठी दाखल होणे. सोबतच्या डिस्चार्ज कार्डावर ‘रक्तदाब, आठ वर्षे’ असे लिहिलेले होते आणि प्रस्ताव अर्जात रक्तदाबाचा उल्लेख नव्हता. मी अर्ध्या मिनिटात Excl01 धरून चाललो. अशी शेकडो पत्रे हाताखालून गेल्यावर माणूस वाचण्याऐवजी ओळखू लागतो, आणि हा रोग विमा कंपनीच्या डॉक्टरांना जितका जडतो तितकाच आम्हालाही. त्याच रात्री मी सव्वा पानाचा मसुदा केला. त्यात एक वाक्य असे होते : ‘रुग्णास आठ वर्षांपासून रक्तदाबाचा विकार असला, तरी प्रस्तुत संसर्गाशी त्याचा काहीही संबंध नाही.’ वैद्यकीयदृष्ट्या वाक्य बरोबर होते, आणि ते मला आवडलेही होते.

सकाळी कलम शब्दशः उतरवायचे म्हणून मी मुलाला पत्र खिडकीपाशी सपाट धरून पुन्हा फोटो काढायला सांगितले. घडीखालून निघाला तो ४ होता. स्पष्टीकरणात म्हटले होते की रुग्णाची प्रकृती स्थिर होती, दाखल करणे मुख्यतः तपासण्यांसाठी होते आणि उपचार बाह्यरुग्ण विभागातही होऊ शकले असते. रक्तदाबाचा शब्दही नव्हता.

माझा मसुदा गेला असता तर काय झाले असते, हे मांडून पाहिले तेव्हा हात थांबला. सलग साठ महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध केल्याखेरीज, माहिती लपवल्याचा आक्षेप घेता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, ती २०२४ मध्ये पाचवर आली. काकींचे साठ महिने भरायला जवळजवळ दोन वर्षे होती. कंपनीने न केलेला आरोप आम्ही काकींच्या सहीने कबूल केला असता, आणि त्यावरून दावाच काय, पॉलिसीही रद्द होऊ शकली असती. शिवाय रक्तदाबाची आठ वर्षे हे खरे की खोटे, हे मी त्यांना विचारलेसुद्धा नव्हते. विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “वर्सा खयची? आठ म्हयने झाले.” प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्डावर गोळ्या सुरू झाल्याची पहिली तारीख नोव्हेंबर २०२४ ची निघाली. दाखल करून घेताना कोणा शिकाऊ डॉक्टराने घाईत महिन्यांची वर्षे केली होती.

आता खरे कारण. डिस्चार्ज कार्ड पाहिल्यावर कंपनीच्या डॉक्टरला मी पूर्ण दोष देऊ शकलो नाही. त्यावर डेंगी, मलेरिया, लेप्टो, सोनोग्राफी अशा तपासण्यांची अर्धे पान यादी होती, निदानापुढे प्रश्नचिन्ह होते, आणि पाच दिवसांच्या उपचारांसाठी एकच ओळ होती : ‘लक्षणांनुसार उपचार केले.’ लेप्टोची पहिली चाचणी नकारात्मक आली होती, कारण ती तापाच्या तिसऱ्या दिवशी केली होती आणि ही चाचणी ज्यांचा शोध घेते ती प्रतिद्रव्ये रक्तात सापडू लागायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. दुसऱ्या नमुन्याचा होकारार्थी अहवाल डिस्चार्जनंतर आला, म्हणून तो दाव्यासोबत गेलाच नव्हता. आपली रुग्णालये बिलात हातमोज्यांची जोडीन् जोडी मोजतात आणि डिस्चार्ज कार्डावर मात्र शाई वाचवतात.

अशा वेळी खरा पुरावा असतो तो आंतररुग्ण कागदपत्रांत, म्हणजे परिचारिकांनी तासातासाला भरलेल्या तक्त्यांत. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत ही कागदपत्रे देणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरवर बंधनकारक आहे. लेखी अर्ज करून पोच घेतली, तरी चार फेऱ्या झाल्या. मिळालेल्या चौतीस पानांत सगळे होते. दाखल होताना प्लेटलेट ४६,०००, क्रिएटिनिन २.३, लघवी कमी झालेली; दर बारा तासांनी शिरेतून प्रतिजैविक, सलाईन, आणि किती पाणी गेले व किती लघवी झाली याचा हिशेब. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.१ वर उतरले होते. मूत्रपिंडावर ताण आलेल्या रुग्णाला शिरेतली औषधे देऊन रोज संध्याकाळी घरी पाठवता येत नाही, एवढेच मला दाखवायचे होते.

अपिलात मी आधी कंपनीचे कारण अवतरणात जसेच्या तसे दिले. मग एक तक्ता केला : तारीख, त्या दिवशीची प्रकृती, दिलेला उपचार आणि कागदाचा पृष्ठक्रमांक. विशेषणे काढून टाकली. त्यानंतर चाचणीच्या दिवसांचा खुलासा आणि दुसरा अहवाल जोडला. २९ मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार दावे पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही, म्हणून त्या मंजुरीचा तपशील मागितला. चौदा दिवसांत निकाल न लागल्यास विमा लोकपालाच्या पुणे कार्यालयाकडे जाऊ, असेही लिहिले. मात्र तिथे तक्रार घेण्याआधी कंपनीला महिनाभर द्यावा लागतो, हे काकींच्या मुलाला वेगळे समजावले.

अडचण उरली ती पान तीनची. त्या पानावर तीच ‘आठ वर्षे’ होती. पान वगळले तर चौतीसचे तेहेतीस होतात, आणि गाळलेले पान हे तपासनीसाला सर्वांत आधी दिसते, हे मी त्या खुर्चीत बसून शिकलो आहे. शेवटी सगळी पाने जोडली, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे दुरुस्तीपत्र आणि आरोग्य केंद्राचे कार्ड सर्वांत शेवटी लावले, आणि अपिलात त्याविषयी एकच ओळ लिहिली. न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरच होते, म्हणजे नियम दुसऱ्यांदाही मोडलाच. पण या वेळी प्रश्न आमच्याच कागदावर होता. ती ओळ हवी होती की नुसती जोडपत्रे पुरली असती, यावर माझे अजून एकमत झालेले नाही.

एकोणीस दिवसांनी ६०,१२० रुपये जमा झाले. हातमोजे, सिरिंजा आणि नोंदणी शुल्क धरून ४,१८० कापले होते. समितीच्या मंजुरीविषयी कंपनीने एक अक्षरही कळवले नाही. पहिल्या मसुद्याबद्दल मी काकींना काही सांगितलेले नाही.