होळी आणि पुरणपोळी, स्पॅनिशमधून

तुम्ही विचारलंत: «ऑफिसातल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांना आपली होळी आणि पुरणपोळी सोप्या शब्दांत कशी सांगायची?»

रंगांपासून सुरुवात करू नका. होळी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर आधीच रंग उधळणारी माणसं असतात, आणि मग पुरणपोळी त्या चित्रात कुठेच बसत नाही. पहिलं वाक्य आगीचं असू द्या: «पारा नोसोत्रोस, होळी एस प्रिमेरो उना ओगेरा», आमच्याकडे होळी म्हणजे आधी पेटवलेली होळी. ओगेरा हा शब्द स्पेनच्या माणसाला लगेच पोचतो, कारण जूनमध्ये सान हुआनच्या रात्री तेही अशाच होळ्या पेटवतात. रंग नंतर: «लोस कोलोरेस बिएनेन देस्पुएस». महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी रंग रंगपंचमीला, म्हणजे पाच दिवसांनी खेळतात. तेवढं «सिंको दिआस देस्पुएस» म्हणून जोडा आणि पुढे चला.

तारीख दरवर्षी का बदलते, हा प्रश्न हमखास येतो. पंचांग उलगडत बसू नका. त्यांचा ईस्टरचा आठवडाही पौर्णिमेवर ठरतो, म्हणून «कोमो ला सेमाना सांता, ला फेचा देपेंदे दे ला लूना» एवढ्यात काम होतं.

आता पोळी. इथेच माणसं अडकतात, कारण सोपा वाटणारा शब्द दर देशात वेगळा निघतो. पोळीला तोर्तिया म्हणालात तर मेक्सिकोच्या माणसाला बरोबर कळेल, पण स्पेनच्या माणसाच्या ताटात अंडं-बटाट्याचं ऑम्लेट येईल. त्यापेक्षा वर्णन करा: «एस उन पान प्लानो दे त्रिगो, कोन रेयेनो दुल्से», गव्हाची चपटी पोळी, आत गोड सारण. गुळाला कोलंबियात पानेला म्हणतात, पण मेक्सिकोत पानेला हे एक पांढरं चीज आहे. तिथे पिलोन्सियो म्हणा, पेरू-चिलीच्या माणसाला चान्काका. डाळीसाठी लेन्तेखा हा शब्द तोंडात येतो, तो मसुराचा. हरभऱ्याच्या डाळीला «गार्बान्सो पार्तिदो» म्हणा.

सगळ्यात जपायचं ते तुपाला. मान्तेका म्हणजे अर्जेंटिनात लोणी, पण स्पेन आणि मेक्सिकोत डुकराची चरबी. नैवेद्याच्या पोळीवर ती घालतो असं सांगून बसाल! नेहमी «मांतेकिया क्लारिफिकादा» म्हणा. शाकाहारी सांगतानाही नुसतं «सिन कार्ने» पुरत नाही, कारण कार्ने म्हटल्यावर काहींच्या मनात मासे किंवा हॅम धरलेलं नसतं. «नो येबा कार्ने, नि पेस्कादो, नि उएबो» असं तिन्ही नावं घेऊन सांगा. गहू न चालणाऱ्यांसाठी «येबा त्रिगो» हेही आधीच सांगून टाका.

कृती विचारली तर चार छोटी वाक्यं पुरतात. एक वाटी डाळ मऊ शिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, एक वाटी गूळ घालून आटवायचं आणि पुरणयंत्रातून काढायचं. पुरणयंत्राला स्पेनमध्ये नेमकं तसंच यंत्र आहे, पासापुरेस. एवढ्यात साधारण आठ-दहा पोळ्या होतात. पोळी फुटते ती बहुतेकदा पुरण सैल राहिल्यामुळे: «सि एल रेयेनो एस्ता आग्वादो, ला मासा से रोम्पे». पुरण झालं की नाही ते कसं कळतं, हे विचारतीलच. पातेल्याच्या मधोमध कालथा उभा केला आणि तो पडला नाही, की झालं. हे हातानेच दाखवा, कालथ्याला शब्द शोधण्यात वेळ जातो.

निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी करतात. तिला काल्दो म्हणू नका, त्यात मांसाचा किंवा कोंबडीचा रस्सा डोकावतो. «उना सोपा लिखेरा इ पिकांते, कोन एल आग्वा दे कोसेर एल गार्बान्सो» हे लांब वाटलं तरी स्वच्छ आहे. तिखटाला पिकांतेच म्हणायचं. कालिएन्ते म्हणजे नुसतं गरम.

नैवेद्याची रीत मात्र सावकाश सांगा, कारण त्यांना नवी असते ती हीच: «प्रिमेरो से ओफ्रेसे आल फुएगो. आन्तेस नादिए ला प्रुएबा.» आधी अग्नीला, तोवर कुणी चवही घेत नाही. मीठ-गूळ बेताचं पडलंय का, हे चाखून पाहणंही नाही. स्वयंपाक करणारीसुद्धा चाखत नाही, हे ऐकून लोक थबकतात, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात चाखत चाखतच शिजवतात.

ऑफिसात पोळ्या नेणार असाल तर आदल्या रात्री करून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात रचा, नाहीतर वाफेने ओल्या होतात. मायक्रोवेव्हमध्ये जास्त वेळ ठेवली तर चिवट होते, वीस सेकंद बस. आणि खायची कशी, तर «सोला, ओ कोन लेचे तिबिआ»: नुसती, किंवा कोमट दुधाबरोबर.