सभ्य गृहस्थ, पगारासह आणि पगाराविना

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला गोलंदाजानं बेल्स उडवून, म्हणजे मांकडांच्या पद्धतीनं, बाद केलं की लोक ‘हा सभ्य गृहस्थांचा खेळ आहे’ असं का ओरडतात, हे तू विचारलंस. उत्तर जरा लांबचं आहे, कारण माझ्या हयातीत ‘जंटलमन’ या शब्दानं घरच बदललं.

माझ्या लहानपणी इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये या शब्दाचा वागणुकीशी फारसा संबंध नव्हता, पैशाशी होता. खेळण्याचे पैसे घेत नाही तो जंटलमन आणि घेतो तो प्लेअर. दोघांच्या खोल्या वेगळ्या, बऱ्याच मैदानांवर आत उतरण्याची फाटकंही वेगळी. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि पगारीची नंतर. तरुण फ्रेड टिटमसचं नाव एकदा चुकून हौशी पद्धतीनं छापलं गेलं, तर लॉर्ड्सवर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली : ‘एफ. जे. टिटमस’ नव्हे, ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं. टिंबं तीच, जागा बदलली की माणसाची पायरी बदलली.

ही पायरी किती पोकळ होती ते वॉली हॅमंडकडे पाहून कळतं. इंग्लंडचा कर्णधार हौशीच असावा असा प्रघात होता आणि हॅमंड पगारी होता. १९३७ च्या अखेरीस त्यानं एका टायर कंपनीत नोकरी धरली, यापुढे क्रिकेटचे पैसे घेणार नाही असं जाहीर केलं आणि १९३८ मध्ये तो इंग्लंडचा कर्णधार झाला. जंटलमन विरुद्ध प्लेअर्स या सामन्यात दोन्ही बाजूंचं नेतृत्व केलेला तो एकटाच. हिवाळ्याभरात त्याच्या स्वभावात काय फरक पडला असेल? बदललं ते पगाराचं खातं. काही हौशी मंडळी क्लबाचे सचिव म्हणून पगार घेत आणि मैदानावर फुकट खेळत, म्हणजे सोवळं शाबूत आणि खिसाही भरलेला. लेन हटन पगारी राहूनच कर्णधार झाला तो १९५२ साली, आपल्याविरुद्ध. शेवटी नोव्हेंबर १९६२ मध्ये हा भेदच रद्द झाला.

भेद गेला, शब्द मात्र उरला आणि तो वागणुकीला चिकटला. आता जंटलमन म्हणजे झेल गेल्याचं कळताच पंचांची वाट न पाहता चालू लागणारा, आणि चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला बाद न करणारा. माझ्या मते इथं एक जुनी खोड लपली आहे. हौशी मंडळींत फलंदाज अधिक, गोलंदाजीची हमाली बहुतेक पगाऱ्यांची. सभ्यतेचे अलिखित नियम फलंदाजाच्या सोयीचे झाले यात मला तरी नवल वाटत नाही.

विनू मांकडांचंच बघ. १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांचा फलंदाज बिल ब्राउन चेंडू सुटण्याआधीच क्रीजबाहेर पडत असे. मांकडांनी आधीच्या एका सामन्यात त्याला ताकीद दिली, तरी तो सुधारला नाही म्हणून त्याच सामन्यात धावचीत केलं. पुढे सिडनी कसोटीत पुन्हा तेच घडलं. पाऊलभर आयती धाव चोरणारा सभ्य राहिला आणि पकडणाऱ्याचं नाव बदनाम झालं. प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनी मात्र मांकडांचीच बाजू घेतली.

२४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर महिलांच्या सामन्यात इंग्लंडला १७ धावा हव्या होत्या, शेवटची जोडी मैदानात होती, आणि आपल्या दीप्ती शर्मानं चार्ली डीनला असंच धावचीत केलं. ओरड झाली तीही ‘जंटलमन’च्याच नावानं. ज्या क्लबाचं ते मैदान, त्यानं १९९८ पर्यंत स्त्रियांना सभासदही करून घेतलं नव्हतं, हे ओरडणाऱ्यांना आठवलं नसावं. आठवडाभरातच, १ ऑक्टोबरला, नवे नियम लागू झाले आणि हे बाद करणं ‘अनुचित खेळ’ या ४१व्या नियमातून काढून ‘धावचीत’ या ३८व्या नियमात गेलं. बाद करणं आधीही वैधच होतं, पण आता ते कुठल्या सदरात मोडतं यावर वाद उरला नाही.

आता तुझ्या गोलंदाजीपुरतं. नेहमीच्या शैलीत हात जिथं सर्वांत उंच पोचतो, तिथपर्यंतच तुला नॉन-स्ट्रायकरला धावचीत करता येतं. हात त्यापुढे गेला आणि मग थांबून बेल्स उडवल्या, तर पंच नाबाद देतील. जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज अ‍ॅडम झॅम्पा याचं नेमकं हेच झालं. म्हणून थांबायचं असेल तर हात वर जाण्याआधी थांब. बेल्स उडतात त्या क्षणी नॉन-स्ट्रायकरची बॅट किंवा पाय क्रीजच्या आत टेकलेला नसला की पुरे. आधी ताकीद द्यायचं बंधन नियमात नाही. द्यावीशी वाटली तर खुशाल दे, आणि तुझ्या कर्णधाराला अपील मागं घ्यावंसं वाटलं तर पंचांच्या संमतीनं तेही करता येतं. आणि नॉन-स्ट्रायकर तू असशील, तर चेंडू हातातून सुटेपर्यंत बॅट क्रीजमध्येच टेकवून ठेव.

तुझे,
आजोबा