आमची वाटचाल : मोजकी गिऱ्हाइकं, दर महिन्याचं काम

आमची फर्म कर्वेनगरमध्ये एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. बाहेर पाटी नाही. आम्ही तिघं भोसरी, चिंचवड आणि नऱ्हे भागातल्या लहान वर्कशॉपचे हिशेब लिहितो, जीएसटीचे आकडे जुळवतो आणि ताळेबंद तयार होईपर्यंतचं काम करून सीएंच्या हाती देतो. ताळेबंदाचं ऑडिट आणि सही त्यांची. कोणाच्याही दारात जाऊन "आमची सेवा घ्या" असं म्हणावं न लागता हा व्यवसाय उभा राहिला. माझ्यासारख्या अबोल माणसाला त्याचा उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नोकरी सोडायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी नेहमीचे पर्याय सुचवले : डबे, ड्रेस मटेरियल, मुलांचे क्लासेस. मी प्रत्येकाला एकच प्रश्न लावून पाहिला. वर्षभर घर चालवायचं तर या धंद्यात किती नव्या माणसांशी बोलावं लागेल? डब्यांची गिऱ्हाइकं विद्यार्थी आणि नोकरदार, ती दर काही महिन्यांनी बदलतात. ड्रेस मटेरियलमध्ये तर प्रत्येक विक्रीला नवं संभाषण. क्लासमध्ये दर जूनला नवे पालक. हिशेबाचं मात्र वेगळं आहे. एक वर्कशॉप एकदा आलं की दर महिन्याला तेच मालक, तेच पुरवठादार, तीच बँक. माणूस बदलत नाही, फक्त महिना बदलतो. याच चाळणीतून निघणारा दुसरा धंदा माझ्या मावसभावाचा आहे. तो बोथट झालेले कार्बाइडचे एंडमिल आणि ड्रिल धार लावून देतो. कंपनीकडून खोक्यात हत्यारं येतात, धार लावून खोक्यातच परत जातात, सोबत मापांचा कागद असतो. काम गिऱ्हाइकाच्या मशिनवर बोलतं, त्याला बोलावं लागत नाही.

माझी सुरुवात टिळक रोडवरच्या ज्या सीए ऑफिसात मी नोकरी केली होती तिथूनच झाली. सीएंकडे कायम एक अडचण असते : वर्षाअखेरीला पिशवी भरून बिलं घेऊन येणारी गिऱ्हाइकं. त्यांच्या नोंदी झालेल्या नसतात आणि ऑफिसातल्या शिकाऊ मुलांना ऑडिटमधून सवड नसते. मी सरांना एवढंच म्हटलं, "सर, अशी एक फाइल मला द्या, पूर्ण करून आणते." त्यांनी दिली. मी नोंदी करून दिल्या आणि वर एक कागद जोडला.

त्या कागदावरच आमची फर्म उभी आहे, असं मी मनापासून मानते. त्याला आम्ही 'प्रश्नयादी' म्हणतो. बँक स्टेटमेंटमधली जी रक्कम कशाची ते कळत नाही ती सहसा सस्पेन्स खात्यात टाकली जाते आणि मार्चपर्यंत तिथेच पडून राहते. आम्ही दर महिन्याला त्यातली प्रत्येक रक्कम तारखेनिशी कागदावर उतरवतो, समोर आमचा अंदाज लिहितो आणि उत्तरासाठी रिकामा चौकोन ठेवतो. "१२ तारीख, ३५,००० रुपये, आरटीजीएस, बहुधा लेथच्या दुरुस्तीचे, बिल हवं." मालक व्हॉट्सअ‍ॅपवर एकेका आकड्यापुढे उत्तर टाकतात. फोनवर अर्धा तास चालणारं बोलणं कागदावर दहा ओळींत संपतं आणि पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर लेखी पुरावाही राहतो. सरांनी तो कागद पाहून दुसरी फाइल दिली, मग तिसरी. पुढे त्यांच्या ओळखीतल्या दुसऱ्या सीएंनी विचारणा केली. नवं काम आजही असंच येतं. यात कमिशनची देवघेव नाही. सीएंना आपल्या फीचा वाटा बाहेरच्याला कमिशन म्हणून देण्याची त्यांच्या १९४९ च्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे हा विषय पहिल्या भेटीतच मिटतो. काही कामांचे पैसे सीए आम्हाला कामाच्या बिलावर देतात, काहींचे वर्कशॉप थेट देतं.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते एका महिन्यावरून सांगते. भोसरीतलं एक टर्निंगचं वर्कशॉप. ऑगस्टची विक्री ९ लाख रुपये, त्यावर १८ टक्क्यांनी १,६२,००० रुपये कर. खरेदीच्या बिलांवर भरलेला कर आमच्या नोंदीप्रमाणे १,१०,०००. म्हणजे रोख भरायचे ५२,००० असा मालकांचा हिशेब. पण खरेदीवर भरलेल्या कराची ही वजावट, म्हणजे क्रेडिट, नुसतं आपल्या वहीत असून चालत नाही. जानेवारी २०२२ पासून ते जीएसटी पोर्टलवरच्या टू-बी या पत्रकात दिसलं तरच घेता येतं. पुरवठादार ११ तारखेपर्यंत आपल्या विक्रीचं पत्रक, म्हणजे जीएसटीआर-१, भरतो, तिमाही भरणारे हवं तर १३ पर्यंत बिलं चढवतात, १४ ला टू-बी तयार होतं आणि २० ला आपला थ्री-बी, म्हणजे कर भरण्याचं मासिक पत्रक, भरायचा. आमच्या महिन्याचा कस या सहा दिवसांत लागतो.

१४ तारखेला टू-बी उघडलं तर क्रेडिट ७४,०००. वहीपेक्षा ३६,००० कमी. बिलाला बिल लावत गेलो तेव्हा तीन बिलं सापडली नाहीत : १८,००० कराचं पोलादी सळ्यांचं, १०,८०० चं प्लेटिंगचं आणि ७,२०० चं इन्सर्टचं.

इथे लगेच फोन करत सुटायचं नसतं. आधी पोर्टलवर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक टाकून पाहायचं. तो मासिक की तिमाही हे तिथे कळतं, कोणतं पत्रक कधी भरलं हेही दिसतं. प्लेटिंगवाले तिमाही निघाले. त्यांनी ऑगस्टची बिलं मध्ये चढवली नव्हती, म्हणजे ती सप्टेंबरच्या टू-बीत, १४ ऑक्टोबरला दिसणार. तिथे कोणाची चूक नव्हती, नुसती वाट पाहायची. इन्सर्टवाल्यांनी ऑगस्टचा जीएसटीआर-१ वेळेत भरलेला होता. बिलाची तारीख ३१ ऑगस्ट. महिनाअखेरचं बिल पुढच्या महिन्यात चढवल्याचा संशय आला. त्यांच्या अकाउंटंटना लेखी विचारलं, तसंच झालं होतं.

सळ्यांचं बिल अवघड होतं. पत्रक भरलेलं, तारीख महिन्याच्या मध्याची, बिलावरचा आमचा क्रमांकही बरोबर. आमच्या मालकांच्या धाकट्या भावाचं शेजारीच वर्कशॉप आहे, नावही जवळजवळ सारखं, माल एकाच ठिकाणाहून येतो. दोघांचे हिशेब आमच्याकडे असल्यामुळे भावाचं टू-बी उघडून पाहिलं. बिल तिथे बसलं होतं. पुरवठादाराच्या संगणकात नाव निवडताना चुकीची ओळ निवडली गेली होती. यावर उपाय ठरलेला आहे : पुरवठादाराने पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये घेणाऱ्याचा क्रमांक दुरुस्त करायचा आणि भावाने आपल्या बाजूने ते बिल पोर्टलवर नाकारायचं. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच, किंवा वार्षिक पत्रक त्याआधी भरलं तर तोवरच, असं राहिलेलं क्रेडिट घेता येतं. म्हणून हे वर्षाअखेरीला ढकलायचं काम नाही.

त्या महिन्यात मालकांना ५२,००० ऐवजी ८८,००० भरावे लागले. त्यांनी विचारलं, "ताई, मग यांचे पैसे सोडू का थांबवू?" आमचं उत्तर ठरलेलं असतं. मालाची रक्कम सोडा, कराची रक्कम बिल टू-बीत दिसेपर्यंत राखून ठेवा, आणि तसं पुरवठादाराला लेखी कळवा. मात्र हे फार ताणता येत नाही. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. शिवाय पुरवठादार लघुउद्योग असेल तर त्याचं येणं ४५ दिवसांच्या आत देण्याचा वेगळा नियम आहेच.

पुरवठादाराशी हा सगळा पत्रव्यवहार आम्ही मालकाशी नव्हे, त्यांच्या अकाउंटंटशी करतो. संदेशात बिल क्रमांक, तारीख, रक्कम, कर, आमचा क्रमांक आणि कोणती दुरुस्ती हवी एवढंच असतं. पलीकडचा माणूसही बहुतेक आमच्यासारखाच, आकड्यांत रमणारा, फोन टाळणारा. तो उत्तर देतो. काही अकाउंटंटशी आमचा असा व्यवहार नियमित चालतो, त्यातल्या कित्येकांचा आवाजही मी ऐकलेला नाही.

बोलणं पूर्ण टळतं असं मात्र समजू नका. थ्री-बी भरताना मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो २० तारखेच्या आत मिळवावाच लागतो. उशीर झाला तर विलंब शुल्क आणि भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. यासाठी आम्ही प्रत्येक मालकाला १८ तारखेची ठरलेली वेळ देतो. त्या वेळी ते मोबाइल घेऊन बसतात. अचानक फोन करायला मला जड जातं, ठरलेल्या वेळेला फोन करणं जमतं, हा फरक मी व्यवसायाच्या रचनेतच धरला आहे. नवं गिऱ्हाईक घेतानाही पहिली भेट सीएंच्या ऑफिसात, त्यांच्या समोर होते. काय देणार, काय देणार नाही, दर काय, हे एका पानावर लिहून नेते. महिन्याला साधारण दीडशे बिलं असणाऱ्या वर्कशॉपला आमचा दर ४,५०० रुपये आहे. बिलं वाढली तर दर कसा वाढेल तेही त्याच पानावर असतं, त्यामुळे पुढे घासाघीस होत नाही.

या धंद्याच्या दोन मर्यादा मला रोज जाणवतात. एक, १४ ते २० च्या दरम्यान माणसं वाढवून काम वाढत नाही, कारण जुळणी ज्याने महिनाभर नोंदी केल्या त्यालाच नीट जमते. म्हणून प्रत्येकाकडे ठराविकच फाइली. जागा भरली की नव्या गिऱ्हाइकाला पुढच्या एप्रिलची तारीख देतो. दुसरी जास्त गंभीर आहे. मोजक्या ओळखींवर उभा असलेला धंदा त्यातली एक ओळख सुटली तरी हलतो. सीए निवृत्त होतात, फर्म दुसऱ्या फर्ममध्ये विलीन होते, ऑफिसात स्वतःचा हिशेबनीस ठेवतात. त्यामुळे एका सीएंकडून येणारं काम एकूण उत्पन्नाच्या एकतृतीयांशाच्या वर जाऊ लागलं की त्यांच्याकडची पुढची फाइल आम्ही नम्रपणे नाकारतो. नाही म्हणणं मला सर्वांत अवघड जातं. तेही मी पत्रानेच करते, आणि कारण स्पष्ट लिहिते. आजवर एकाही सीएंनी त्यावरून संबंध तोडलेला नाही. दोघांनी तर तेच पत्र वाचून स्वतःहून आम्हाला तिसऱ्या सीएंचं नाव सुचवलं.